बहिर्वक्र आरसा आणि कावलूरची दुर्बीण

शाळेत प्रकाशाचा धडा शिकलेल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा, बहिर्वक्र आरशातली प्रतिमा कशी असते? उत्तर तयार असते: आभासी, सुलटी, वस्तूपेक्षा लहान, आणि आरशाच्या मागे. बहुतेक जण त्यात ‘नेहमी’ हा शब्दही घालतात. गाडीच्या बाजूच्या आरशाकडे पाहिले की हे उत्तर पटते, आणि परीक्षेत त्याला पूर्ण गुण मिळतात. बेंगळुरूतल्या एका संस्थेची एक दुर्बीण मात्र हे वाक्य रोज रात्री खोटे पाडते.

कोरमंगलातल्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेची ही दुर्बीण तमिळनाडूत कावलूरला, जवादी डोंगरांत आहे. 6 जानेवारी 1986 रोजी राजीव गांधींच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले आणि तिला खगोलशास्त्रज्ञ वेणू बापू यांचे नाव देण्यात आले. बापू 1982मध्येच गेले होते, पूर्ण झालेली दुर्बीण पाहणे त्यांच्या वाट्याला आले नाही. तिच्या मुख्य आरशाचा व्यास 2.34 मीटर आहे, आणि तो घासून, चकचकीत करून तयार करण्याचे काम संस्थेच्या बेंगळुरूतल्या प्रयोगशाळेत झाले. आरसा अंतर्वक्र, नाभीय अंतर व्यासाच्या सव्वातीनपट, म्हणजे सुमारे 7.6 मीटर. तारा इतका दूर की त्याचे किरण समांतरच येतात, म्हणून त्याची प्रतिमा आरशासमोर 7.6 मीटरवर, नळीच्या वरच्या टोकाजवळ पडते.

अवजड उपकरण त्या टोकाला टांगणे गैरसोयीचे असते. म्हणून किरण नाभीत पोचण्याआधीच वाटेत एक लहान बहिर्वक्र आरसा धरतात. तो किरणांना खाली वळवतो, ते मुख्य आरशाच्या मधल्या भोकातून मागे जातात आणि प्रतिमा तिथे मिळते. उपकरणे तिथे सुखाने बसतात. ही रचना लॉरें कॅसेग्रेन या फ्रेंच माणसाच्या नावाने 1672पासून ओळखली जाते. न्यूटनने तेव्हाच तिच्यावर कडक टीका केली होती. त्याची स्वतःची दुर्बीण नुकतीच लोकांसमोर आली होती, हेही त्या टीकेमागे असावे असे मला वाटते. आज जगातल्या बहुतेक मोठ्या दुर्बिणींत कॅसेग्रेनचीच कल्पना या ना त्या रूपात दिसते.

आता अडचण पाहा. प्रतिमा उपकरणावर पडते, म्हणजे ती वास्तव आहे. पडद्यावर न उमटणाऱ्या प्रतिमेचा खगोलशास्त्रज्ञाला काय उपयोग? आणि ती पाडणारा शेवटचा आरसा बहिर्वक्र आहे. पाठ केलेले वाक्य इथे लंगडे पडते. चिन्ह संकेत मात्र पडत नाही, पण तो रिवाज म्हणून नव्हे तर अर्थ समजून वापरावा लागतो.

हिशेब करू. दुय्यम आरशाची जागा मी हिशेबाच्या सोयीने ठरवतो: मुख्य आरशाच्या वर 5.6 मीटरवर. मुख्य आरशाची नाभी 7.6 मीटरवर, म्हणजे दुय्यम आरशाच्या मागे 2 मीटरवर. दुय्यम आरशाचे नाभीय अंतर 8/3 मीटर, सुमारे 2.67, असे धरू.

कार्टेशिअन संकेताची मूळ अट एवढीच आहे की अंतरे आरशाच्या ध्रुवापासून मोजायची, आपाती प्रकाशाच्या दिशेने मोजलेले अंतर धन आणि उलट दिशेने मोजलेले ऋण. दुय्यम आरशावर प्रकाश खालून वर येतो, म्हणून इथे वरची दिशा धन. बहिर्वक्र आरशाची नाभी त्याच्या मागे, म्हणजे वर, म्हणून f = +8/3. इथपर्यंत कुणाचे अडत नाही. अडते ते u पाशी. वस्तू कुठे आहे? दुय्यम आरशाच्या दृष्टीने तारा ही वस्तूच नाही. त्याच्याकडे येणारे किरण मुख्य आरशाने एका बिंदूकडे वळवलेले आहेत, आणि तो बिंदू दुय्यम आरशाच्या मागे आहे. किरण तिथे कधीच पोचत नाहीत, वाटेतच अडवले जातात. तरीही ते जिथे मिळाले असते तीच या आरशाची वस्तू. तिला आभासी वस्तू म्हणतात, आणि ती आरशाच्या मागे, प्रकाशाच्या दिशेने 2 मीटरवर असल्याने u = +2.

```
1/v = 1/f − 1/u = 3/8 − 1/2 = −1/8
v = −8 मीटर
m = −v/u = +4
```

v ऋण आहे, म्हणजे प्रतिमा आरशाच्या समोर, प्रकाश आला त्या बाजूला, 8 मीटर खाली. मुख्य आरसा 5.6 मीटरवर आहे, म्हणून प्रतिमा त्याच्याही मागे 2.4 मीटरवर, उपकरण बसवायला हवी तिथे. आणि विशालन +4. वास्तव प्रतिमा नेहमी उलटी हे दुसरे पाठ केलेले वाक्यही इथे मोडते: ही प्रतिमा आपल्या आभासी वस्तूच्या मानाने सुलटी आहे आणि चौपट मोठी आहे. अंतरे मी गृहीत धरली असली तरी चौपट हा आकडा खऱ्या दुर्बिणीचाच आहे. व्यासाच्या सव्वातीनपट असलेले नाभीय अंतर तिथे कॅसेग्रेन नाभीपाशी परिणामी तेरापट होते. चंद्राची जी प्रतिमा मुख्य नाभीत साधारण 66 मिलिमीटरची पडेल, ती मुख्य आरशामागे साधारण 26 सेंटिमीटरची होते.

परीक्षेत हात आपोआप u = −2 लिहितो, कारण वर्षभरात सोडवलेल्या प्रत्येक गणितात u ऋणच होता. तसे लिहिले तर 1/v = 3/8 + 1/2 येते, v सुमारे +1.14 मीटर, विशालन +0.57. म्हणजे आभासी, सुलटी, लहान, आरशाच्या मागे. उत्तर पाठ केलेल्या वाक्याशी तंतोतंत जुळते, म्हणून विद्यार्थ्याला शंकाही येत नाही. या चुकीचा खरा धोका तोच आहे. इतर चुका काहीतरी विचित्र उत्तर देऊन स्वतःच बोंब मारतात. ही चूक ओळखीचे उत्तर देऊन गप्प राहते.

ती पकडायची कशी? इथे किरणाकृती कामाला येते, आणि ती उत्तर काढून झाल्यावर शोभेसाठी नव्हे तर गणिताआधी काढायला हवी. कागद आडवा धरा, प्रकाश डावीकडून उजवीकडे येऊ द्या. आरशाच्या उजवीकडे 2 मीटरवर आभासी वस्तूचा बाण तुटक रेषेने काढा. पहिला किरण अक्षाला समांतर, बाणाच्या टोकाकडे निघालेला. तो आरशावर आपटून असा परततो, जणू मागच्या नाभीतून आला. दुसरा किरण टोकातून वक्रता केंद्राकडे, म्हणजे 5.33 मीटरवरच्या बिंदूकडे निघालेला. तो आरशाला लंब पडतो आणि आल्या वाटेने परततो. दोन्ही परावर्तित किरण डावीकडे वर चढत जातात आणि 8 मीटरवर एकमेकांना छेदतात, बाणाच्या चौपट उंचीवर, अक्षाच्या त्याच बाजूला. ओबडधोबड आकृतीसुद्धा एवढे सांगते की छेद डावीकडे आहे. उत्तराचे चिन्ह उजवीकडचे आले तर कुठेतरी घोटाळा आहे, हे आकडे न तपासताही कळते.

आकृतीतून आणखी एक गोष्ट उमजते. आभासी वस्तू नाभीच्या अलीकडे, म्हणजे u हा f पेक्षा लहान असेल तरच हे सारे जमते. दुय्यम आरसा एक मीटर खाली सरकवला तर u = +3 होतो, v = +24 येतो, आणि प्रतिमा पुन्हा आरशाच्या मागे, आभासी. तेव्हा किरण खाली पसरत जातात आणि उपकरणावर नुसता धूसर उजेड पडतो. बहिर्वक्र आरशात किरण पसरवण्याची एक ठरावीक ताकद असते. आत येणारे किरण त्याहून जोराने एकवटत असतील तर ते परततानाही एकवटतात, नाहीतर पसरतात. आरशाचा प्रकार एकट्याने प्रतिमेचे स्वरूप ठरवत नाही. ते ठरते आरसा आणि येणारे किरण यांच्यात.

दोन आरशांच्या गणितात आणखी एक खड्डा आहे. मुख्य आरशावर प्रकाश खाली येतो, दुय्यमवर वर जातो, म्हणून धन दिशा मधेच उलटते आणि ध्रुवही बदलतो. पहिल्या आरशासाठी f = −7.6 आणि v = −7.6 लिहिले, तर तो ऋण आकडा तसाच उचलून दुसऱ्या समीकरणात u म्हणून टाकता येत नाही. अंतर नव्याने मोजावे लागते, नव्या ध्रुवापासून, नव्या दिशेने. कुणी अक्षाची एकच दिशा धरून दोन्ही आरसे सोडवले तरी हरकत नाही, मग f, u, v तिघांची चिन्हे एकदम बदलतात आणि प्रतिमेची जागा तीच येते. ‘वास्तव अंतर धन’ मानणाऱ्या जुन्या पुस्तकांतूनही तीच जागा येते. नियम माणसांनी ठरवलेला आहे, प्रतिमेची जागा नाही. अर्धे गणित एका पद्धतीने आणि अर्धे दुसरीने, एवढे मात्र चालत नाही.

सूत्राची मर्यादाही सांगायला हवी. ते अक्षाजवळच्या किरणांपुरते खरे आहे. 2.34 मीटरचा आरसा गोलाकार ठेवला असता तर कडेचे किरण नाभीच्या सुमारे 23 मिलिमीटर अलीकडेच अक्षाला छेदले असते, आणि ताऱ्याचा ठिपका न होता डाग झाला असता. म्हणून मुख्य आरसा परवलयाकार घासलेला आहे. 1/v + 1/u = 1/f यातून हे कधीच कळणार नाही. ते सूत्र प्रतिमा कुठे पडेल ते सांगते, ती किती रेखीव असेल ते सांगत नाही.

प्रतिमा किती चंचल असेल हे मात्र ते सांगते. आपल्या गणितात दुय्यम आरसा 1 मिलिमीटर वर उचला. u = 1.999 मीटर होतो, आणि प्रतिमा तब्बल 17 मिलिमीटर वर येते: विशालनाचा वर्ग सोळा, अधिक आरशाने स्वतः उचललेला एक. म्हणूनच अशा दुर्बिणींत नेमके फोकस करायला बहुधा दुय्यम आरसाच केसभर हलवतात.

शिक्षकांना एवढेच सांगणे आहे. फळ्यावर ‘बहिर्वक्र आरसा नेहमी आभासी प्रतिमा देतो’ असे लिहाल तेव्हा ‘समोरच्या खऱ्या वस्तूची’ हे शब्द त्यात जरूर घाला. आणि अकरावी-बारावीच्या चाचणीत वर्षातून एकदा तरी u धन असलेले एक गणित टाका.