दोन बोटं आणि नव्याण्णव हात

दहावीतल्या दोन वर्गमित्रांचा वाद. पहिल्याचं म्हणणं, जड वस्तू लवकर पडते. वजन दुप्पट तर वेगही दुप्पट. दुसऱ्याने त्याला खोडून काढलं नाही. म्हणाला, “बरं, मानलं. मोठा दगड 8 च्या वेगाने पडतो, लहान 4 च्या. आता दोन्ही दोरीने बांध आणि सोड. काय होईल?”

“लहान मागे राहील, मोठ्याला ओढून धरेल. वेग 8 पेक्षा कमी होईल.”

“पण बांधलेल्या जोडीचं वजन मोठ्या दगडापेक्षा जास्त आहे ना? मग तुझ्याच नियमाने ती 8 पेक्षा जास्त वेगाने पडायला हवी.”

पहिला गडबडला. “बांधल्यावर तो एकच दगड झाला रे!”

“आणि शिवणाच्या दोऱ्याने बांधले तर? दोरा वाटेत तुटला, तर त्याच क्षणी दोन्ही दगड हळू पडायला लागतील?”

एकाच नियमातून दोन उलटी उत्तरं येतात, म्हणजे नियमच चुकलेला. हा युक्तिवाद गॅलिलिओचा. 1638 साली लायडनला छापलेल्या त्याच्या ग्रंथात तोही संवादातूनच येतो. त्यामागचं कारण पुढे न्यूटनच्या नियमांनी स्पष्ट केलं: दुप्पट वस्तुमानाला पृथ्वी दुप्पट ओढते खरी, पण त्याला हलवायलाही दुप्पट जोर लागतो. वेग वाढण्याचा दर तोच राहतो.

पहिल्याने मग शाळेच्या गच्चीवरून, सुमारे 6 मीटरवरून, क्रिकेटचा आणि टेनिसचा चेंडू एकदम सोडले. क्रिकेटचा किंचित आधी टेकला. “बघ, मीच बरोबर!”

माझ्या मते खरी कसोटी इथे आहे. क्रिकेटचा चेंडू जवळजवळ तिप्पट जड असतो. पहिल्याच्या नियमाने तो जमिनीला लागला तेव्हा टेनिसचा चेंडू अजून 4 मीटर वर असायला हवा होता. प्रत्यक्षात तो मागे राहिला फार तर वीतभर, आणि तेही हवेच्या विरोधामुळे. हलक्या चेंडूला हवा जास्त अडवते. गॅलिलिओच्या संवादातही हा प्रसंग आहे. त्यातलं एक पात्र विचारतं, की पहिल्यासारखाच नियम सांगणाऱ्या अॅरिस्टॉटलची चूक नव्याण्णव हातांची आणि माझी दोन बोटांची. मग त्या दोन बोटांआड ते नव्याण्णव हात लपवायचे का?

दुसऱ्याने वीतभर फरक नाकारला नाही, हे मला त्याच्या युक्तिवादाहून मोठं वाटतं. “हवेत जड चेंडू थोडा आधी पोचतो, खरंय,” तो म्हणाला, “पण तू थोडा म्हणाला नव्हतास.”

जिथे हवाच नाही तिथे ती वीतही उरत नाही. 1971 मध्ये अपोलो 15 च्या मोहिमेत डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर हातोडा आणि ससाण्याचं पीस एकदम सोडलं. दोन्ही एकाच वेळी खाली टेकली.