चंद्रानंतरचं दूध

अमळनेर तालुक्यातल्या एका बालवाडीत ताईंनी मुलांना दात घासायला शिकवलं. ब्रश लहान, मऊ केसांचा. त्यावर फ्लोराइडची पेस्ट वाटाण्याएवढी आणि तीन वर्षांखालच्या भावंडाला तांदळाच्या दाण्याएवढी. फेस गिळायचा नाही, थुंकायचा. मग सगळ्यांनी ब्रश धरून गाणं म्हटलं:

गोल गोल बाहेरून,
हळूहळू आतून,
दाढेच्या वर पुढे-मागे,
घाण जाई निघून!

वर उजवीकडे, वर डावीकडे, तसंच खाली. एकेका कोपऱ्याला संथ चालीत दोनदा गाणं झालं, की सगळे मिळून दोन मिनिटं होतात. शेवटी मोठ्यांनी एकदा हात फिरवायचाच, कारण चार वर्षांच्या मुठीला मागची दाढ नीट सापडत नाही.

प्रत्येकाच्या घरी एक तक्ता गेला. सकाळचा सूर्य, रात्रीचा चंद्र. घासून झालं की रंगवायचं.

चिंगीचा तक्ता सगळ्यात सुंदर होता, एकही चंद्र कोरा नव्हता. पण ताईंनी तिचा वरचा ओठ उचलला, कापसाने दात कोरडे केले, तर हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली. दात ओला असताना ती दिसतच नव्हती. मागच्या एका दाढेवर तर तपकिरी खड्डाच होता.

"चिंगे, चंद्र रंगवल्यावर काय करतेस गं?"

"आजी गूळ घालून दूध देते. मग मी झोपते."

दुसऱ्या दिवशी आजीच आल्या. "पोर गोड दूध पीसनीच निजस," त्या म्हणाल्या. नातीवरची माया होती ती, ताईंनी ती दुखावली नाही. एवढंच सांगितलं, "आजी, झोपेत तोंडात लाळ कमी होते. दिवसभर तीच दात धुते. रात्री तोंडातल्या जंतूंना गूळ मिळाला, की ते आम्ल करतात आणि ते दातावर तसंच राहतं. मग घासलेलं वाया जातं."

"मंग दूध बंद?"

"दूध द्या की, जेवणाबरोबर, बिनगोडाचं. मग ब्रश. त्यानंतर फक्त पाणी."

ताईंनी तक्त्यात चंद्रापुढे एक पेला काढला. रात्री पाणीच प्यायलं, तरच तो निळा करायचा. पहिल्या आठवड्यात दोनच पेले निळे झाले. चिंगी रडली, आजीही विरघळल्या. पण तक्त्यात त्यांनी खरं तेच रंगवलं, म्हणून ताईंना कळलं, अडतंय कुठे. मग आजींनी झोपताना दुधाऐवजी गोष्ट सुरू केली.

काही महिन्यांनी पुढच्या दातांवरची रेघ गुळगुळीत, चकचकीत झाली. खड्डा न पडलेला दात असा सावरू शकतो. दाढेचा खड्डा मात्र भरून येणारा नव्हता, म्हणून आई तिला धुळ्याला दातांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी कीड काढून दाढ भरली आणि आईला सांगितलं, "सहाव्या वर्षाच्या सुमाराला या दुधाच्या दाढांच्या मागे कायमची दाढ येईल. एकही दात न पडता येते, म्हणून घरच्यांच्या लक्षातच येत नाही. तिथे ब्रश पोचतोय का, ते बघा."

आजींनी त्याच रात्री तक्त्यावर पेल्याच्या पुढे एक दाढ काढून घेतली.