कृतज्ञता : भाव की ज्ञान?

कीर्तनात ‘देवाने आपल्याला किती दिले’ हा विषय निघाला की बहुतेक माना डोलतात. परंतु मंडपाच्या खांबाला टेकून एखादा गृहस्थ बसलेला असतो, त्याची मान हलत नाही. तो नास्तिक असतोच असे नाही. वारी करतो, एकादशी धरतो. पण आभार मानायची वेळ आली की त्याचे मन म्हणते, ‘हे सगळं तोंडदेखलं चाललंय.’ अशा माणसाने काय करावे? आणि जे करावे ते ओढूनताणून होऊ नये म्हणून काय सांभाळावे? एवढ्याच प्रश्नाचा विचार येथे करायचा आहे.

प्रथम माझी चूक सांगतो. २०२३ सालच्या आषाढी वारीत मी आमच्या दिंडीत एक नेम घातला. रात्री हरिपाठ झाला की प्रत्येकाने उठून आज देवाने काय दिले ते एका वाक्यात सांगायचे. दोन-तीन मुक्काम बरे गेले. पुढे सगळ्यांची वाक्ये एकसारखी होऊ लागली. लोणंदहून तरडगावला आलो, त्या दिवशी वाटेत चांदोबाच्या लिंबाजवळ उभे रिंगण झाले होते. रात्री तीस जण उठले आणि तिसांनीही ‘रिंगण पाहायला मिळालं, माऊलींची कृपा’ असेच सांगितले. त्यांत साखर कारखान्यात हिशेबनीस असलेले एक निवृत्त गृहस्थही होते. नंतर ते माझ्या राहुटीत आले आणि म्हणाले, “महाराज, मी आत्ता खोटं बोललो. कारखान्यानं माझे पैसे थकवलेत, घरातलं माणूस दोन वर्षांपूर्वी गेलं. मला आत काहीएक वाटत नाही. तुमच्यासमोर बसायचं म्हणून बोललो.”

मला वाईट वाटले, आणि ते त्यांच्याबद्दल नव्हे. माणसाला खोटे बोलायला लावणारा नेम मीच घातला होता.

पाठशाळेत आम्हाला शब्दाची फोड केल्याशिवाय पुढे जाऊ देत नसत. ‘कृतज्ञ’ शब्दाची फोड अशी : कृतं जानाति इति कृतज्ञः. दुसऱ्याने केलेले जो जाणतो तो कृतज्ञ. येथे धातू ‘ज्ञा’ आहे, म्हणजे जाणणे. गहिवर येणे, डोळे भरणे, बरे वाटणे यांचा त्या शब्दात कोठे पत्ता नाही. भाव मागून येईल अथवा येणार नाही, पण जाणणे आपल्या हाती आहे. आणि ज्याचे मन सारखी शंका घेते, त्याला जाणण्याचे काम इतरांहून अधिक चांगले जमते.

मी त्यांना म्हटले, “माऊली, उद्यापासून कृपा हा शब्द तुम्ही उच्चारू नका. तुम्ही हिशेबनीस, तुम्ही हिशेबच करा. आज पानात जी भाकरी आली, तेवढीच घ्या.”

न्यायशास्त्रात अन्वय आणि व्यतिरेक म्हणून एक जोडी आहे. एक गोष्ट असली की दुसरी असते, हा अन्वय. पहिली नसली की दुसरीही नसते, हा व्यतिरेक. आभाराच्या बाबतीत आपण नेहमी अन्वयाने चालतो : ‘भाकरी आहे, छान आहे.’ रोजच्या सवयीची गोष्ट अशा रीतीने मनाला लागत नाही. तीच काढून घेऊन पाहावी, म्हणजे तिच्यावर काय काय उभे होते ते दिसते. २००८ साली मिन्क्युंग कू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत याच प्रकारचे प्रयोग केले. आयुष्यातली एखादी चांगली गोष्ट कशी घडली, हे काहींना लिहायला सांगितले. ती कशी घडली नसती, हे दुसऱ्यांना. दुसऱ्यांचे मन अधिक प्रसन्न झाले. आपला व्यतिरेक तेथे निराळ्या वाटेने पोचला, असे मी समजतो.

आमच्या हिशेबनिसांनी व्यतिरेक असा मांडला. समजा, स्वयंपाकाचा ट्रक लोणंदलाच बंद पडला. दिंडीत माणसे दीडशे, प्रत्येकी दोन भाकरी, म्हणजे तीनशे. एक भाकरी थापून भाजायला निदान तीन मिनिटे. एकूण पंधरा तास. चुली पाच, तेव्हा प्रत्येक बाईच्या वाट्याला साठ भाकरी आणि सलग तीन तास धूर. आपण रिंगण पाहत होतो तेव्हा या पाच जणी तरडगावात चुली पेटवून बसल्या असल्या पाहिजेत. त्यांच्यातल्या एकीनेही रिंगण पाहिले नव्हते!

पण शंकेखोर मन एवढ्यावर थांबत नाही, आणि थांबूही नये. ते म्हणाले, “महाराज, त्या बायांना रोज मिळतो. मग उपकार कसला?” शंका रास्त होती. मी म्हटले, “मग जाऊन विचारा.”

दुसऱ्या दिवशी फलटणच्या मुक्कामी ते चुलीपाशी जाऊन बसले. एका बाईने दोन भाकऱ्या दुधात कुस्करून निराळ्या झाकून ठेवलेल्या दिसल्या. कोणासाठी म्हणून विचारले, तर ती म्हणाली, “त्या वीणेकऱ्याच्या आईला दात न्हाईत. कडक भाकर कशी जाईल तिला?” हे तिला कोणी सांगितले नव्हते आणि याचा पैसाही मिळत नव्हता. परत येऊन ते मला म्हणाले, “तीनशे भाकऱ्यांची मजुरी हे देणं. त्या दोन भाकऱ्या हे ‘कृत’. खाती दोन आहेत.”

ही दोन खाती एकत्र केली की कृतज्ञता खोटी होते. मजुराला मजुरी वेळेवर द्यावी, तिच्याऐवजी गोड शब्द देऊ नयेत. तसेच आपले जे कोणाकडे थकले आहे ते मागावे. कृतज्ञ माणसाने हक्क सोडला पाहिजे, असे कोणत्याही फोडीतून निघत नाही. हिशेबनिसांनी कारखान्याविरुद्धचा अर्ज मागे घेतला नाही, आणि मीही घ्या म्हटले नाही. पत्नीच्या जाण्यात ‘काहीतरी चांगलं’ शोधा, असेही कोणी त्यांना सांगू नये. दुःखाला दुःखच म्हणावे.

ओढाताण होते आहे हे ओळखावे कसे? वाक्य कालचेच आले, की समजावे जाणणे थांबले. कोणी ऐकते आहे म्हणून बोललो, की समजावे जाणणे थांबले. आणि ‘त्याला पाय नाहीत, मला आहेत’ असे मनात आले, तर तेथेच थांबावे. ते दुसऱ्याच्या दुःखावर स्वतःचे समाधान विकत घेणे झाले.

म्हणून मी रोजचा नेम मोडला. आता आम्ही एकादशीला करतो, महिन्यातून दोनदा. त्या दिवशी पोट रिकामे असते, भाकरीचा व्यतिरेक आपोआप घडतो. एकच गोष्ट घ्यावी, ती काढून पाहावी, तिच्यामागचा माणूस शोधावा, शक्य तर त्याला विचारावे. बोलून दाखवण्याची सक्ती नाही. काही वाटले नाही तरी चालेल, पण जाणल्यावर हाताने काहीतरी करावे.

त्या वर्षी पुढच्या मुक्कामांवर हिशेबनीस रात्री काहीच बोलले नाहीत. हरिपाठ संपला की ते उठत आणि त्या पाच जणींच्या पराती घासायला टँकरपाशी जात. वाखरीला मी विचारले, “माऊली, आता काही वाटतं का?”

ते म्हणाले, “अजून नाही. पण आता खोटं बोलत नाही.”

मला तेवढे पुरे वाटले.

रामकृष्णहरि.