विमानाचं चित्र

नाशिक जिल्ह्यातल्या एका बाजाराच्या गावात एक कारागीर राहत होता. विहिरीवरच्या जळालेल्या मोटरी तो पुन्हा भरून द्यायचा. जळकी तार काढायची, तिचे वेढे मोजायचे आणि तेवढेच वेढे नव्या तांब्याच्या तारेचे भरायचे. वेढे चुकले की मोटर तापते. म्हणून वेढे भरताना तो कोणाशी बोलत नसे.

त्याच्याकडे एकच जुना फोन होता. काच तडकलेली, पाठीमागचं झाकण रबराने बांधलेलं. त्याच्या मुलाला त्या फोनवर गाडी पळवायचा खेळ आवडायचा.

बापाने वाटणी करून दिली. "संध्याकाळी ७ ते ८ फोन तुझा. पण वाजला की पळत आणून द्यायचा."

मुलाने मान डोलावली.

पण शेतकरी फोन करायचे ते नेमके त्याच वेळी. दिवसभर पिकाला पाणी देऊन माणसं तेव्हाच घरी येत. तीन फेजपैकी एक गेली की मोटर नुसती गुरगुरते, फिरत नाही आणि जळते. मग कारागिराला फोन. इकडे फोन वाजला की मुलाची गाडी थांबायची, आणि शर्यत पहिल्यापासून सुरू करावी लागायची.

एके दिवशी मुलाने पडद्यावर वरून खाली बोट ओढलं. तिथे विमानाचं चित्र होतं. त्याने ते दाबलं. त्या संध्याकाळी फोन एकदाही वाजला नाही आणि गाडी शर्यतीच्या शेवटापर्यंत पोचली. आठ वाजता त्याने चित्र पुन्हा दाबलं आणि फोन बापाला दिला.

मग हे रोजचंच झालं. आठ वाजता विमान बंद केलं की मिस्ड कॉलचे मेसेज येत. मुलगा ते पुसून टाकी.

पंधरा दिवस गेले. कारागीर दुकानात नुसता बसून राहू लागला. तारेचं रीळ होतं तेवढंच राहिलं. तो बायकोला म्हणाला, "यंदा मोटरी जळत नाहीत वाटतं. शेतकऱ्याचं बरं झालं."

मुलाने ते ऐकलं आणि पुस्तकात मान घातली.

पुढच्या बाजाराच्या दिवशी एक शेतकरी दुकानात आला. नेहमीचं गिऱ्हाईक. तो म्हणाला, "तीन दिवस संध्याकाळचा फोन लावला. लागलाच नाही. वाटलं, तुम्ही धंदा बंद केला. मोटर तालुक्याला नेली, तिथे चार दिवस गेले. अर्धा एकर कांदा माना टाकून बसला."

कारागिराने फोन हातात घेतला, उलटसुलट केला. "जुना झालाय हा. याचाच दोष." त्याने गल्ल्यातल्या नोटा काढल्या. तांब्याची तार आणायला ठेवलेल्या होत्या त्या. तो मोजू लागला. "आता नवाच घ्यावा लागेल."

मुलगा कोपऱ्यात उभा होता. तडकलेला फोन काही बोलू शकत नव्हता. मुलगा पुढे आला.

"बाबा, फोन बिघडलेला नाही. मी बंद करत होतो."

त्याने विमानाचं चित्र दाखवलं. पुसलेल्या मेसेजचंही सांगितलं.

दुकानात बराच वेळ कोणी बोललं नाही. मग बापाने नोटा परत गल्ल्यात ठेवल्या. शेतकऱ्याला हात जोडून तो म्हणाला, "चूक आमच्या घरची आहे. पुढच्या वेळी तुमची मोटर फुकट भरून देईन."

संध्याकाळी सात वाजता बापाने फोन मुलापुढे ठेवला. मुलाने हात मागे घेतला.

"घे," बाप म्हणाला. "वाटणी मोडलेली नाही."

मुलाने खेळ लावला. गाडी सगळ्यांच्या पुढे होती, एकच वळण उरलं होतं. तेवढ्यात फोन वाजला. तो उठून पळतच दुकानात गेला. बाप एक मोटर भरत होता. "एकेचाळीस, बेचाळीस..." त्याला थांबता येत नव्हतं.

मुलाने फोन कानाला लावला. "हो काका, दुकान चालू आहे. नाव सांगा." आणि भिंतीवरच्या पाटीवर खडूने नाव, गाव आणि मोटर किती हॉर्सपॉवरची ते लिहून घेतलं.

बापाने शेवटचा वेढा बांधला आणि पाटीकडे पाहिलं. अक्षर वाकडं होतं, पण सगळं लिहिलेलं होतं.

शर्यत पहिल्यापासून सुरू करावी लागली. मुलाने ती सुरू केली.

तात्पर्य: वाट्याला आलेली वस्तू आपल्यापुरती वापरावी, तिच्यातली दुसऱ्याची वाट बंद करू नये.