एक डोंगर, पाच नावं आणि नकाशातली एक ओळ

कल्याण पूर्वेतून मलंगच्या दिशेला जाणाऱ्या रस्त्यावर दुकानांच्या पाट्या वाचत गेलं, तर पत्ता दोन तऱ्हांनी लिहिलेला दिसतो. कुठे 'हाजीमलंग रोड', तर कुठे 'श्रीमलंग रोड'. रस्ता तोच, आणि तो ज्या डोंगराकडे जातो तो डोंगरही तोच. शनिवार-रविवारी दोर घेऊन येणारी गिर्यारोहक मंडळी त्याला मलंगगड म्हणतात. जुन्या इंग्रजी कागदांत तो 'बावा मलंग' आहे आणि त्याच कागदांत त्याला आणखी एक नाव आहे: 'कॅथेड्रल रॉक'.

यातलं कुठलंही नाव उगाच पडलेलं नाही. डोंगरावर हाजी अब्दुर रहमान यांचा दर्गा आहे असं मानणाऱ्यांना हाजीमलंग हे नाव जवळचं. तीच जागा नाथपंथी मच्छिंद्रनाथांची समाधी मानणारे श्रीमलंग म्हणतात. तो वाद न्यायालयात आणि राजकारणात बरीच वर्षं चालू आहे. त्यात न शिरताही नावांबद्दल बरंच समजतं. ज्याला डोंगराचा उपयोग लढाईपुरता होता, त्याने गड पाहिला. 1780 साली पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात इंग्रजांनी वेढा घातला तो या गडाला. आणि कल्याणच्या सपाटीवरून ज्या साहेबांनी नुसते वरचे सुळके पाहिले, त्यांना त्यात आपल्याकडच्या मोठ्या चर्चची शिखरं दिसली.

हे लांबून ठेवलेलं नाव आहे, आणि लांबून ठेवलेल्या नावांची एक वेगळीच जात असते. पनवेलजवळच्या कर्नाळ्याच्या सुळक्याला इंग्रजांनी 'फनेल हिल' केलं, म्हणजे धुराड्याचा डोंगर. खंडाळ्याच्या घाटातल्या ज्या कड्यात इथल्या लोकांना नागाची फणी दिसली, त्याच कड्यात इंग्रजांना ड्यूक ऑफ वेलिंग्टनचं नाक दिसलं. खडक दोघांनाही सारखाच दिसत होता. मनात आधीपासून असलेली चित्रं तेवढी वेगळी. अशी नावं कोणाला विचारून ठेवलेली नसतात. खुणेपुरती ती कामाचीही असतात. बोटीवरच्या माणसाला किनारा ओळखायला 'कर्नाळा' या शब्दापेक्षा धुराड्याचा आकार जास्त उपयोगी पडत असणार.

अडचण सुरू झाली ती मोजणीपासून. एकेका डोंगराला हवी तेवढी नावं असली तरी गावगाड्याचं काही अडत नव्हतं. सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाला मात्र डोंगराशेजारी एका नावाची जागा होती. ते नाव कोणाचं, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात जगभर उभा राहिला आणि त्याची सर्वांत गाजलेली सुनावणी हिमालयात झाली. 'पीक 15' हे जगातलं सर्वांत उंच शिखर असल्याचं अँड्र्यू वॉ यांनी 1856 साली जाहीर केलं. स्थानिक नाव सापडत नाही, असं सांगून त्यांनी आपल्या आधीचे सर्व्हेअर जनरल जॉर्ज एव्हरेस्ट यांचं नाव सुचवलं. नेपाळ आणि तिबेट दोन्ही सर्व्हेवाल्यांना बंद होते. जिथे पाऊल टाकता येत नाही, तिथलं नाव सापडणार कसं? नेपाळमध्ये राहिलेल्या ब्रायन हॉजसन यांनी 'देवढुंगा' हे नाव पुढे केलं. खुद्द एव्हरेस्ट यांनाही आपलं नाव पसंत नव्हतं, ते इथल्या लोकांना नीट लिहिता-उच्चारता येणार नाही म्हणून. तरी 1865 मध्ये लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीने तेच कायम केलं. तिबेटी लोकांचं 'चोमोलुंगमा' त्याआधीच चीन आणि फ्रान्समधल्या नकाशांवर येऊन गेलं होतं. म्हणजे नाव नव्हतं असं नाही, ते ज्यांना ठाऊक होतं त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

पुढचा टप्पा जरा शहाणपणाचा होता. 1870च्या सुमारास विल्यम हंटर यांनी भारतीय नावं रोमन लिपीत लिहायची एक पद्धत बसवली: स्थानिक नाव घ्यायचं आणि ठरलेल्या अक्षरांत उतरवायचं. मात्र इंग्रजीत रुळलेली मोठी नावं तशीच ठेवायची तडजोड झाली. म्हणून बॉम्बे, पूना आणि बसीन टिकली. यातलं बसीन म्हणजे आपली वसई, पोर्तुगीज उच्चारातून इंग्रजीत आलेली. हंटर पद्धतीत ठ आणि थ वेगळे दाखवायची सोय नव्हती. त्यामुळे नुसतं रोमन वाचणाऱ्याला शब्द 'ठाणे' आहे की 'थाणे', हे आजही कळत नाही. तरीही नाव गावाकडून घ्यायचं, हे तत्त्व एकदा मान्य झालं ते झालं. 1967 पासून संयुक्त राष्ट्रांच्या परिषदाही स्थानिक नावाला पहिला मान द्या, असंच सांगत आल्या आहेत.

पण स्थानिक म्हणजे कुठलं? उल्हास नदीने हा प्रश्न ठाणे जिल्ह्यात चांगलाच अवघड करून ठेवला आहे. लोणावळा-राजमाचीच्या डोंगरांतून उतरलेली ही नदी कर्जत, नेरळ, बदलापूरपर्यंत नि:संशय उल्हास असते. कल्याणपर्यंत भरतीचं पाणी चढतं, आणि तिथून पुढे तिला नदी म्हणणारा माणूस शोधावा लागतो. डोंबिवलीत ती नुसती 'खाडी' होते. ठाण्याच्या उत्तरेला घोडबंदरवरून समुद्राकडे जाताना ती वसईची खाडी होते. ठाण्यात 'खाडी' म्हटलं, तर बहुतेकांच्या डोळ्यांसमोर कळव्याच्या पुलाखालची ठाणे खाडी येते. ते पाणी दुसरं, पण अरुंद फाट्याने याच पाण्याला जोडलेलं.

नदी संपून खाडी कुठे सुरू होते, तिथे कोणी दगड रोवलेला नाही. ओहोटीला ती जागा खाली सरकते, भरतीला वर. मग नकाशा काढणारा एक साधी युक्ती करतो: कल्याणच्या वर 'उल्हास' लिहितो, घोडबंदरच्या खाली 'वसई खाडी' लिहितो आणि मधला पट्टा कोरा सोडतो. हा कोरा पट्टा आळसाचा नाही, प्रामाणिकपणाचा म्हणायला हवा. संसदेला तेवढी मोकळीक नव्हती. 2016च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्यात 53व्या क्रमांकावर हा मार्ग आला, तेव्हा कल्याण-ठाणे-मुंबई जलमार्ग, वसई खाडी आणि उल्हास नदी अशी सगळी नावं एकापुढे एक लिहून टाकली गेली.

मलंगगडाबाबतही हाच रस्ता बरा. ऑस्ट्रेलियात 1993 मध्ये 'एअर्स रॉक / उलुरू' असं जोडनाव अधिकृत झालं, आणि 2002 मध्ये उलुरू पुढे आलं. पहिलं कोणाचं यावर तिथेही हट्ट झाले, पण दुसरं नाव खोडलं गेलं नाही. ओपनस्ट्रीटमॅपसारख्या खुल्या नकाशात तर जागेचीही अडचण नाही. तिथे <code>name</code>, <code>name:mr</code>, <code>alt_name</code> आणि <code>old_name</code> असे वेगवेगळे रकाने आहेत आणि ते कोणीही भरू शकतो. पडद्यावर शेवटी एकच नाव दिसतं, पण बाकीची शोधल्यावर सापडतात. तेव्हा कल्याण-डोंबिवलीकरांनी आपल्या परिसरातले ओढे, टेकड्या आणि बंदरं त्यात एकदा तपासून पाहावीत, आणि घरातली म्हातारी माणसं वापरतात ती नावं, ती माणसं आहेत तोवर, त्या रकान्यांत भरावीत.