रविवारीही उठणारा बाप

रॉबर्ट हेडन या अमेरिकी कवीची 'दोज विंटर संडेज' नावाची चौदा ओळींची कविता आहे. तीत घडते ते एवढेच. हिवाळ्यातला रविवार, घर अजून अंधारात. बाप उठतो, गारठ्यात कपडे चढवतो आणि आठवडाभर उघड्यावर राबून भेगाळलेल्या हातांनी विस्तव फुलवतो. खोल्या उबदार झाल्या की मुलाला हाक मारतो. मुलगा रेंगाळत उठतो, बापाशी तुटक बोलतो. त्याचे ठेवणीतले बूटही बापाने चमकवून ठेवलेले असतात. आभार कोणी मानत नाही. पुढे मोठा झालेला तो मुलगा आपल्या त्या वेळच्या अडाणीपणावर हळहळतो.

ती एक हाक सोडली, तर या कवितेत बाप काही बोलत नाही. पाठीवर हात फिरवत नाही, शाबासकी देत नाही. आणि दिवस रविवारचा आहे, हे विसरू नये. सहा दिवस मजुरी करणाऱ्या माणसाला अंथरुणात पडून राहायचा हक्क असलेला तो एकच दिवस. त्या दिवशीही तो सगळ्यांच्या आधी उठतो.

आमच्या किन्हीराजाला ही कविता समजावून सांगावी लागत नाही. फाट्यावर पहाटेच्या एसटीसाठी उभे राहिले की ती दिसते. परवा एक गृहस्थ कॉलेजात शिकणाऱ्या मुलाला मोटारसायकलवर सोडायला आले होते. मागच्या कॅरिअरला धान्याची पिशवी सुतळीने बांधलेली. थंडीने आखडलेल्या बोटांना गाठ सुटेना. मुलगा म्हणाला, "बाबा, कापून टाका न." त्यांनी सुतळी कापली नाही. दातांनी गाठ सैल केली, सुतळी गुंडाळून खिशात घातली आणि पिशवी स्वतःच वर चढवली. मग कंडक्टरला सांगितले, "पोराले मालेगावच्या स्टँडवर उतरवजा." पोरगा वीस वर्षांचा. तो लाजून खिडकीबाहेर बघत बसला. बापलेकांत निरोपाचा शब्द नाही. गाडी वळणाआड गेल्यावरच बाबांनी मोटारसायकलला किक मारली. तिथून ते बहुधा थेट वावरात गेले असतील, तुरीचे दिवस आहेत.

अशा बापांवर आपल्याकडे कविता उदंड आहेत. मोबाइलवर दर आठवड्याला एक तरी येऊन पडते. बाप फणसासारखा, बाहेरून काटेरी आणि आतून गोड, हे वाचून आता कंटाळा आला. त्यातल्या बहुतेक कविता बापाला सरसकट माफी देऊन टाकतात. तो ओरडला, ते प्रेम. त्याने मारले, तेही प्रेम. हेडन तसे करत नाही, म्हणून त्याची कविता मला मोठी वाटते. मुलगा रेंगाळत का उठतो, याचे कारण तो तिथेच देतो. त्या घरात राग मुरलेला आहे आणि मुलाला त्याची धास्ती आहे. विस्तव आणि धास्ती एकाच घरातले आहेत, एकाच चौदा ओळींत आहेत. एकाने दुसऱ्याची फेड होत नाही. कवी बापाला देव करत नाही आणि आरोपीच्या पिंजऱ्यातही उभा करत नाही.

हे त्याने स्वतः भोगलेले होते. हेडन 1913 साली डेट्रॉइटला जन्मला. आईवडील विभक्त झालेले. शेजारच्या हेडन दांपत्याने त्याला वाढवले आणि आपले आडनाव दिले. वाढवणारा बाप मजूर, धर्माच्या बाबतीत कडक. घरात भांडणे होत, मारही बसे. मुलाची दृष्टी इतकी अधू की खेळात त्याचा निभाव लागेना. तो पुस्तकांत डोके घालून बसे. तोच मुलगा पुढे अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाचा काव्य-सल्लागार झाला, त्या पदावर बसलेला पहिला कृष्णवर्णीय कवी. त्याच्या आयुष्यातली बापाची सगळ्यात प्रसिद्ध आठवण मात्र विस्तवाची आणि बुटांची राहिली.

ही कविता ज्या संग्रहात आली तो 1962 चा. त्याच वर्षी मुंबईत नारायण सुर्वे यांचा 'ऐसा गा मी ब्रह्म' प्रसिद्ध झाला. सुर्वेही दुसऱ्याच्या घरात वाढलेले. 1926 साली गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराला एक टाकून दिलेले तान्हे मूल सापडले. त्याने ते उचलले, घरी नेले, शाळेत घातले आणि आपले नाव दिले. हे मूल कोणाचे, कोणत्या जातीचे, याची चौकशी करत बसला नाही. आजही असा माणूस सहज सापडणार नाही.

पण गोष्ट तिथे संपत नाही. 1936 साली गंगाराम गिरणीतून निवृत्त झाले आणि बायकोसह कोकणात परतले. नारायण चौथीपर्यंत शिकला होता. जाताना त्यांनी त्याच्या हातावर दहा रुपये ठेवले. मुंबईत एकट्या राहिलेल्या त्या पोराने मग घरगडी, हॉटेलातला पोऱ्या, गिरणी कामगार, शाळेतला शिपाई अशी कामे केली आणि पुढे शिक्षकही झाला.

आता हे दहा रुपये कसे वाचायचे? गिरणीतल्या माणसाचा महिन्याचा पगारच वीस-तीस रुपयांत मोजला जाई, म्हणजे रक्कम थोडी नव्हती. काम सुटलेल्या माणसाच्या गाठीचा तो मोठा हिस्सा असेल. पण दहा वर्षांच्या मुलाला महानगरात सोडून जाणे ही साधी गोष्ट नाही, आणि केवळ पुढे तो थोर कवी झाला म्हणून ती योग्य ठरत नाही. वाढवले ते प्रेम होते, हे मी ठामपणे म्हणेन. सोडून जाण्याला प्रेम म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्याला नाइलाज म्हणता येईल.

अबोल प्रेम ओळखायची माझी कसोटी साधी आहे. त्या कृतीची झळ कोणाला बसली, ते बघावे. पहाटे उठण्याची झळ बापाला बसते. बाजार समितीत सोयाबीन विकून आलेला पैसा फीमध्ये भरून स्वतः जुन्याच चपलेला टाका घालणाऱ्यालाही झळ त्याची त्यालाच बसते. त्याचे न बोलणे आपण खुशाल प्रेम म्हणून वाचावे. पण ज्याच्या धाकाची झळ बायकोला आणि पोरांना बसते, घरात पाय ठेवताच ज्याच्यामुळे सगळे गप्प होतात, त्याच्या बाजूने कविता साक्षीला काढू नये. दोन्ही गोष्टी एकाच माणसात असू शकतात. तेव्हा दोन्ही वेगवेगळ्या लिहाव्यात, हेडनने लिहिल्या तशा.

या निमित्ताने आपल्या शाळांतल्या मराठीच्या शिक्षकांना एक विनंती. 'माझे बाबा' हा निबंध दरवर्षी दिला जातो आणि मुले गाइडमधला फणस उतरवून काढतात. यंदा त्यांना एवढेच सांगा, की बाबा सकाळी उठल्यापासून रात्री निजेपर्यंत काय काय करतात ते एक दिवस नीट बघा आणि तेवढेच लिहा. विशेषणे नकोत. आणि एखाद्या पोराने वहीत लिहिले, की मला बाबांची भीती वाटते, तर त्या ओळीवर लाल रेघ मारू नका.