भ्रूणाची श्रेणी

वरवंडास राहणारी आमची भाची व तिचे यजमान गेल्या महिन्यात एक कागद घेऊन आमच्याकडे आले. त्यावर तीन भ्रूणांपुढे ‘४ एए’, ‘४ बीबी’ आणि ‘३ बीसी’ असे लिहिले होते. पहिला भ्रूण गर्भाशयात सोडूनही गर्भ राहिला नव्हता. उरलेले दोन गोठवून ठेवले होते. भाची म्हणाली, “मामा, तुमचा सारा जन्म गुण देण्यात गेला. हा ‘सी’वाला ठेवावा, की टाकून द्यावा?”

प्रश्नाने आम्ही ओशाळलो. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नाने १९८६ साली नलिकाबालिका जन्मली, तेव्हा ही श्रेणीपद्धती निघालीच नव्हती. गार्डनर व स्कूलक्राफ्ट यांनी ती १९९९ मध्ये मांडली. फलनानंतर पाचव्या-सहाव्या दिवशी भ्रूणात द्रवाने भरलेली पोकळी होते. त्या अवस्थेस ब्लास्टोसिस्ट म्हणतात. आकडा त्या पोकळीचा विस्तार सांगतो. ‘३’ म्हणजे पोकळीने भ्रूण भरून टाकला. ‘४’ म्हणजे तो फुगून त्याचे कवच पातळ झाले. पहिले अक्षर ज्यातून बाळ घडते त्या आतील पेशीपुंजाचे, दुसरे ज्यातून वार घडते त्या बाहेरील स्तराचे. पेशी पुष्कळ व सुसंबद्ध असल्या की ‘ए’. फारच थोड्या असल्या की ‘सी’.

ही सर्व परीक्षा सूक्ष्मदर्शकातून दिसणाऱ्या रूपाची आहे, आणि तीही एका क्षणाची. काही तासांत ‘३’ चा ‘४’ होतो. फुगलेली पोकळी मध्येच आक्रसतेही. ‘बी’ म्हणावे की ‘सी’, याविषयी दोन अनुभवी तज्ज्ञांचे एकमत होईलच असे नाही. मुख्य म्हणजे गुणसूत्रे या पाहणीत दिसत नाहीत. त्यांची संख्या चुकलेला भ्रूणही देखणा ‘एए’ असू शकतो. भाचीच्या बाबतीत तसेच झाले असेल, असे मात्र कागदावरून म्हणता येत नाही. गुणसूत्रांची वेगळी तपासणी असते; पण तिच्यासाठीही काही पेशी बाहेरील स्तरातूनच घेतात.

मग श्रेणी निरर्थक काय? मुळीच नव्हे. वरच्या श्रेणीचे भ्रूण अधिक वेळा रुजतात, म्हणून आधी कोणता सोडावा हे ती सांगते. परंतु क्रम लावणे निराळे आणि निवाडा देणे निराळे. खालच्या श्रेणीच्या भ्रूणांतूनही निरोगी मुले जन्मतात, मात्र कमी वेळा. आणि जन्मलेल्या मुलाची बुद्धी वा प्रकृती त्या अक्षरात लिहिलेली नसते.

आम्ही म्हणालो, “आधी ‘४ बीबी’ सोडवून घ्या. ‘३ बीसी’ तोवर राहू द्या. २०२१ चा कायदा दहा वर्षांपर्यंत जतन करू देतो. पुढे खर्च झेपेना, किंवा मन थकले, तर तो सोडून देण्यात पाप नाही. पण त्या वेळी ‘आम्ही थांबलो’ असे म्हणा. ‘तो नापास झाला’ असे म्हणू नका.”

भाचीने कागदाची घडी करून तो पुन्हा पिशवीत ठेवला.